सर्दीची गोळी सकाळी, दारू रात्री: मधल्या तासांचा हिशेब

प्रश्न: मला धुळीची ॲलर्जी आहे, त्यामुळे सर्दी-शिंका कायम. केमिस्टकडून सर्दीची गोळी घेतो, खोकला असला तर झोपताना सिरपही. शनिवारी मित्रांसोबत दोन-तीन पेग होतात. गोळी आणि दारू एकत्र घेऊ नये हे ऐकलंय, म्हणून गोळी सकाळी घेतो आणि रात्री बसतो. आठ-दहा तासांचं अंतर पुरतं ना? की गोळीच बदलावी?

उत्तर:

आठ-दहा तास पुरत नाहीत. तुमच्या गोळीत जे औषध असण्याची शक्यता सर्वात जास्त आहे, ते सकाळी घेतलं तर रात्रीपर्यंत त्यातलं निम्म्याहून अधिक अंगात शिल्लक असतं. गोळी बदलण्याबद्दल पुढे लिहितो. आधी हे अंतराचं गणित नीट समजून घ्या, कारण सावधपणे वागणारी माणसंही नेमकी इथेच फसतात. गेल्या सत्तावीस वर्षांत माझ्या दवाखान्यात असे रुग्ण अनेक आले. दोन्ही गोष्टी एकदम तोंडात टाकणारे त्यात थोडे होते. "डॉक्टर, मी अंतर ठेवलं होतं" असं सांगणारेच जास्त.

गोळीची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत तीन घटक सापडतील: ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल, चोंदलेलं नाक मोकळं व्हावं म्हणून फेनिलेफ्रिन, आणि वाहतं नाक व शिंका थांबवण्यासाठी क्लोरफेनिरामिन मॅलिएट. हे तिसरं म्हणजे जुन्या पिढीचं ॲलर्जीविरोधी औषध, आम्ही डॉक्टर त्याला सीपीएम म्हणतो. गोळीत ते बहुधा दोन मिलिग्रॅम असतं, काहींत चार. आकडा एवढासा वाटतो, पण या औषधाला तेवढंच पुरतं. फेनिरामिन, प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिन आणि खोकल्याच्या काही सिरपांतलं डायफेनहायड्रामिन ही त्याचीच भावंडं.

झोप कशाने येते, तेही पाहा. ॲलर्जीत नाकातल्या पेशी हिस्टामिन सोडतात, म्हणून पाणी वाहतं, खाज येते. तेच हिस्टामिन मेंदूत अगदी वेगळं काम करतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या पेशींचा एक छोटा पुंजका दिवसभर मेंदूला हिस्टामिन पुरवून आपल्याला जागं ठेवतो आणि आपण झोपलो की थंडावतो. जुन्या पिढीची औषधं रक्तातून मेंदूत सहज शिरतात आणि नाकातलं हिस्टामिन अडवता अडवता मेंदूतलंही अडवतात. म्हणजे ही गोळी माणसाला जागं ठेवणारा दिवाच मंद करते.

दारूचा रस्ता निराळा आहे. मेंदूला शांत करणारी जी गाबा नावाची यंत्रणा असते, तिला दारू जोर देते आणि मेंदूला चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. बैलगाडी थांबवायची तर बैल सोडता येतात किंवा चाकाला दगड लावता येतो. एकाने दुसऱ्याचं काम अडत नाही. दोन्ही एकाच वेळी केलं तर गाडी जागची हलत नाही. गोळी आणि दारू मेंदूवर अशाच दोन बाजूंनी काम करतात, म्हणून एकाची सवय असल्याने दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही. "मला तीन पेग चढत नाहीत" हे तुमचं म्हणणं खरं असेल, पण ते गोळी नसलेल्या दिवसाचं आहे.

आता अंतराकडे येतो. सीपीएमचं अंगातलं प्रमाण निम्म्यावर यायला मोठ्या माणसात साधारण वीस तास लागतात. कुणात बारा-चौदा तास, कुणात तीसहून अधिक. गोळी मात्र दिवसातून दोन-तीनदा घ्यायला सांगितलेली असते, त्यामुळे कालचं संपायच्या आत आजचं येतं आणि तीन-चार दिवसांत साठा वाढत जातो. सहा-आठ तासांनी नाक पुन्हा वाहू लागलं की माणसाला वाटतं गोळीचा असर उतरला. नाकावरचा उतरलेला असतो. रक्तात आणि मेंदूत औषध असतंच.

दारूचा हिशेब याहून सोपा, तो पाठच करा. साठ मिलिलिटरचा मोठा पेग, व्हिस्की ४२.८ टक्क्यांची. त्यात शुद्ध अल्कोहोल भरतं सुमारे वीस ग्रॅम. साधारण बांध्याच्या माणसाचं यकृत तासाला सात-आठ ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं आणि त्याची गती वाढवण्याचा कोणताही उपाय नाही. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही तो वेग बदलत नाही. म्हणजे एक मोठा पेग उतरायला अडीच ते पावणेतीन तास. बिअरला लोक हलकी समजतात, पण ६५० मिलिलिटरच्या साध्या पाच टक्के बाटलीत पंचवीस ग्रॅम अल्कोहोल असतं. ते मोठ्या पेगापेक्षा जास्तच भरलं, आणि स्ट्राँग बिअरमध्ये त्याहूनही अधिक.

एक रुग्ण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, औषधांचे आकडे तेच आहेत. चाळिशीचा माणूस, सत्तर किलो वजन, चाकणच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला. शुक्रवारी सर्दी झाली होती. सकाळी नऊला एक गोळी, दुपारी तीनला दुसरी, रात्री नऊला तिसरी, प्रत्येकीत सीपीएम दोन मिलिग्रॅम. चुलतभावाची हळद होती, तिथे नऊ ते साडेअकरा तीन मोठे पेग झाले. बाराला घरी आल्यावर खोकला थांबेना, म्हणून बायकोने घरातलं सिरप दोन मापं दिलं, दहा मिलिलिटर. सिरपचं नाव वेगळं, रंग वेगळा, पण आत खोकला दाबणाऱ्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या जोडीला पुन्हा सीपीएमच, चार मिलिग्रॅम. गोळी सर्दीची, सिरप खोकल्याचं, म्हणजे औषधं वेगळी, असं दोघांनाही वाटलं होतं. दिवसाची बेरीज दहा मिलिग्रॅम झाली.

सकाळी पावणेसहाला तो उठला, चहा घेऊन मोटरसायकलवर निघाला आणि साडेसहाच्या सुमारास रिकाम्या रस्त्यावर दुभाजकाला धडकला. खांद्याजवळचं कॉलरबोन मोडलं. श्वासाच्या चाचणीत अल्कोहोल शून्य निघालं. ते बरोबरच होतं, कारण साठ ग्रॅम अल्कोहोल नऊपासून तासाला साडेसात ग्रॅमने उतरत पहाटे पाचच्या सुमारास संपलेलं होतं. पण वीस तासांच्या हिशेबाने सीपीएम त्या वेळी किती होतं? सकाळच्या गोळीतलं सुमारे एक मिलिग्रॅम, दुपारच्या गोळीतलं सव्वा, रात्रीच्या गोळीतलं दीड आणि सिरपमधलं सव्वातीन. सगळं मिळून सातच्या आसपास. तीनहून जास्त गोळ्या एकदम गिळून गाडीवर बसावं तसं झालं. त्यात दारूमुळे रात्रभर तुटक लागलेली झोप. "डुलकी लागली हे कळलंच नाही," असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

ती धडक मी आजही दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट मानतो. प्लास्टर बघायला आलेल्या बायकोने सहज सांगितलं, की रात्री दोनला त्याच्या घोरण्याने ती जागी झाली होती. घोरणं नेहमीसारखं नव्हतं, मध्ये गुरगुर, मध्ये पूर्ण शांतता, मग एकदम मोठा श्वास. हलवलं, हाका मारल्या, तो साधं हूंसुद्धा म्हणाला नाही. दमला असेल म्हणून तिने पांघरूण घातलं आणि ती झोपली. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

दोन वाजता काय चाललं होतं बघा. अल्कोहोल अजून बावीस-तेवीस ग्रॅम शिल्लक, म्हणजे नुकताच एक मोठा पेग रिचवावा तेवढं. सीपीएम दहापैकी जवळपास आठ मिलिग्रॅम अंगात, आणि सिरपमधलं रक्तात चढायला दोन-तीन तास लागतात, त्यामुळे ते नेमकं त्याच वेळी शिखरावर. गाढ झोपेत घशाचे स्नायू आधीच सैल असतात. दारू आणि गोळी त्यांना आणखी सैल करतात, जीभ मागे पडते, हवेची वाट अरुंद होते. शरीर एरवी गुदमरलं की माणसाला दचकवून उठवतं. इथे ती उठवणारी यंत्रणाच मंदावलेली. अशात उलटी झाली, आणि दारूवर ती होतेच, तर उताणा झोपलेला माणूस खोकून ती बाहेर टाकू शकत नाही. ती श्वासनळीत उतरते. सर्दीची एखादी गोळी आणि दोन-तीन पेग यांनी श्वास पूर्ण बंद पडावा असं धडधाकट माणसात सहसा होत नाही, उगाच भीती घालत नाही. पण उलटी फुप्फुसात जाणं किंवा घोरणाऱ्या जाड मानेच्या माणसाचा श्वास वारंवार अडणं यासाठी फार मोठा डोस लागत नाही. सिरपमध्ये अफूच्या कुळातलं कोडीन असेल किंवा माणूस झोपेची गोळी, वेदनाशामक ट्रॅमाडॉल, नसांच्या दुखण्यावरचं प्रिगाबॅलिन घेत असेल, तर मात्र श्वासच मंदावण्याचा धोका खरा आहे. तिथे एक पेगही नको. कोडीन आणि सीपीएम एकत्र असलेल्या सिरपवर केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये बंदी घातली, तरी जुनी बाटली कपाटात असू शकते. ती आजच काढून टाका.

तुम्ही म्हणाल, मला गोळीने झोप येतच नाही. असं सांगणारे खूप जण भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात. अडचण अशी, की झोप येत्येय असं वाटणं आणि मेंदू मंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर एक प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. ॲलर्जीच्या चाळीस रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी डायफेनहायड्रामिन, नव्या पिढीचं ॲलर्जीविरोधी औषध फेक्सोफेनाडिन, दारू आणि निष्क्रिय गोळी देऊन गाडी चालवायला लावली. दारू दिली ती रक्तात सुमारे ०.१ टक्का भरेल इतकी, म्हणजे आपल्याकडच्या कायद्याच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. तरीही सर्वात खराब गाडी चालली ती डायफेनहायड्रामिनच्या दिवशी. आणि किती झोप येत्येय असं त्यांनी स्वतः सांगितलं, त्यावरून गाडी किती बिघडेल याचा नीट अंदाज बांधता आला नाही. डोळे उघडे असतात, बोलणं नीट असतं, पण समोरच्या गाडीचा ब्रेकलाइट दिसल्यावर पाय हलायला उशीर होतो, आणि तो उशीर स्वतःला कधीच जाणवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये रक्तातल्या दारूची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहेच, शिवाय गाडीवर ताबा राहू नये इतका औषधाचा अंमल असणंही त्यात येतं. फुंकून शून्य आलं म्हणजे सगळं ठीक, असं नाही.

गोळी बदलावी का, तर हो, तुमच्यासारख्या कायमच्या ॲलर्जीला ती बदललीच पाहिजे, दारूचा विषय नसता तरी. फक्त नव्या पिढीची सगळी औषधं एका माळेत ओवू नका. सेटिरिझिन दहा मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण चौदा जणांना गुंगी येते, निष्क्रिय गोळीवर ती सहा जणांना येते. म्हणजे सीपीएमपेक्षा खूप बरी, पण "झोप न आणणारी" असं तिच्याबद्दल छातीठोक म्हणता येत नाही. लिव्होसेटिरिझिन तिचीच बहीण. मॉन्टेलुकास्ट या ॲलर्जी-दम्यावरच्या औषधाबरोबर ती एकाच गोळीत येते आणि "मी फक्त मॉन्टेलुकास्ट घेतो" असं सांगणाऱ्या कित्येकांना आत दुसरं औषध आहे याचा पत्ता नसतो. ही दोन्ही मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतात, त्यामुळे किडनी कमजोर असेल किंवा वय सत्तरीच्या पुढे असेल तर ती जास्त वेळ रेंगाळतात. अशा गोळीच्या दिवशी मी दारू नको सांगतो, आणि शेवटच्या गोळीनंतर पूर्ण एक दिवस जाऊ द्यायला सांगतो.

फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळपास शिरतच नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एक पंप असतो, तो ते बाहेर ढकलतो. दिवसा गाडी चालवणाऱ्यांना माझी पहिली निवड तीच असते. ती पाण्याबरोबर घ्या, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. म्हणून तिच्यावर खुशाल प्या असा अर्थ काढू नका, दारूचे स्वतःचे परिणाम आहेतच. एवढंच, की दारूत भर घालण्याचं काम ती सहसा करत नाही. तुमची ॲलर्जी बारमाही असेल तर नाकात मारायचा फ्लुटिकासोनसारखा स्टेरॉइडचा स्प्रे रोज, नियमाने, दोन आठवडे वापरून बघा. तो गुंगी आणत नाही, आणि कित्येकांची गोळी त्यानेच सुटते. डॉक्टरांना दाखवून डोस ठरवून घ्या, कारण स्प्रे मारण्याची पद्धत चुकली तर तो घशात उतरतो, उपयोग होत नाही.

सीपीएमची गोळी घ्यावीच लागली तर किती थांबायचं? एकच गोळी घेतली असेल तर किमान एक पूर्ण दिवस आणि एक रात्र. तीन-चार दिवस चालू होती तर बंद केल्यानंतर तीन दिवस. उलट क्रम असेल, म्हणजे रात्री प्यालात आणि नाक वाहतंय, तर त्या रात्री मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाला, उशी उंच घ्या. गोळी दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. दारूनंतर पॅरासिटामॉल असलेली गोळी यकृतासाठीही चांगली नाही, विशेषतः रोज पिणाऱ्यांना आणि उपाशीपोटी.

सर्दीवर ब्रँडीचा उपाय आपल्याकडे घरोघरी सांगितला जातो. गरम पाण्यात दोन झाकणं, कुणी मिरी घालतं, कुणी मध. म्हाताऱ्या आईलाही "औषध म्हणून" देतात, आणि सर्दीची गोळी आधीच दिलेली असते. ब्रँडीने छातीत ऊब वाटते कारण त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फुलतात. त्याच कारणाने नाकातल्याही फुलतात आणि नाक आणखी चोंदतं. म्हाताऱ्या माणसाला जुन्या पिढीच्या गोळीने लघवी अडणं, तोंड कोरडं पडणं, रात्री भ्रम होणं हे आधीच होत असतं. त्यावर ब्रँडी दिली की रात्री बाथरूमला उठताना तोल जातो. मांडीचं हाड मोडून आलेल्या दोन आजींच्या घरी मी नेमकं हेच ऐकलं आहे. गरम पाणी आणि मध ठेवा, ब्रँडी काढा.

हे सगळं वाचूनही कधी घरात असं घडलेलं दिसलं, तर काय करायचं ते घरच्यांनाही सांगून ठेवा. झोपलेल्याला मोठ्याने हाक मारा, खांद्याला जोरात चिमटा काढा. त्याने डोळे उघडून दोन शब्द नीट बोलले तर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे वाकवा म्हणजे तो उताणा होणार नाही, तोंड किंचित खाली राहू द्या, आणि कुणीतरी शेजारी जागं राहा. दर अर्ध्या तासाने पुन्हा हाक मारा. डोळे उघडत नसतील, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठा खंड पडत असेल, घशात गुरगुर असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन करा. उलटी काढायला तोंडात बोटं घालू नका, कॉफी किंवा लिंबूपाणी पाजू नका, ते सरळ फुप्फुसात जाईल. आणि गोळीची पट्टी व सिरपची बाटली खिशात घालून दवाखान्यात न्या. "सर्दीची गोळी" एवढं सांगून तिथल्या डॉक्टरांना काही कळत नाही. पट्टीवरचं नाव, किती घेतल्या आणि शेवटची किती वाजता, या तीन गोष्टी कळल्या की उपचार तिथून सुरू होतात.